१ जूनपासून नवे मार्जिन, गाडीच्या वेळा आणि २१ दिवसांची उधारी

नमस्कार केमिस्ट मित्रहो,

नको असलेली गोष्ट आधी सांगतो. १ जूनपासूनच्या बिलांना उधारी ३० ऐवजी २१ दिवसांची. कंपन्या आता आमच्याकडून माल सोडण्याआधीच पैसे मागतात, त्यामुळे ३० दिवस ओढणं जमेना. मेपर्यंतची बिलं जुन्याच मुदतीत भरा, त्यांना हात लावत नाही.

सात दिवसांत पैसे दिलेत तर बिलावर २ टक्के सूट; ती पुढच्या बिलात वळती होईल. २१ दिवस उलटले की महिना दीड टक्का व्याज, आणि ३० दिवसांनंतर बाकी फिटेपर्यंत माल रोखीनेच. लिमिट दुकानागणिक ६०,००० रुपये. दोन वर्षं वेळेवर भरणाऱ्यांनी फोन करावा, वाढवून देऊ. चेक परतला तर ५०० रुपये लागतील.

उधारी कापली, म्हणून मार्जिनमध्ये थोडं सोडलं आहे. कापूस, गॉज, बँडेज, सिरिंज, ग्लव्ह्ज यांवर पीटीआरवर २५ ऐवजी २८ टक्के. अ‍ॅडल्ट डायपरवर १५ टक्केच, पण दहा पॅकवर एक फ्री. ग्लुकोमीटर स्ट्रिप्स १२ टक्के. तिथे आमच्याही हातात फारसं उरत नाही. सरकारी दरनियंत्रणातल्या औषधांवर पूर्वीप्रमाणेच १६ टक्के. काही जण विचारतात, "बिलात १६ दिसतं, हिशोबात १४च का येतं?" हे १६ टक्के पीटीआरवर आहेत. १०० चा माल ११६ ला विकला जातो, म्हणजे विक्रीवर पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास. जीएसटी वेगळा.

गाडी: दादर, माटुंगा, माहीम सोमवार ते शनिवार, लालबाग, गिरगाव मंगळवार, गुरुवार, शनिवार. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत ऑर्डर आली तर दुसऱ्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान माल पोचेल. सहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर "अर्जंट" लिहून पाठवू नका, टेम्पो तेव्हा भरलेला असतो. पावसात हिंदमाताला पाणी भरलं की आमचाही इलाज चालत नाही. अशा दिवशी इन्सुलिन गाडीत चढवणारच नाही. २ ते ८ अंश राखण्याची खात्री नसताना ते देणं बरोबर नाही. एरवी आइसबॉक्स आला की आतला थर्मामीटर बघा, मगच चलनावर सही करा. आकडा जास्त असेल तर बॉक्स तसाच परत पाठवा, पोऱ्याशी वाद घालू नका, मला फोन करा.

एक्स्पायरीचा माल एक्स्पायरीच्या तीन महिने आधीपासून एक महिना नंतरपर्यंत परत घेऊ, क्रेडिट नोट बिलातल्या दराने. कापलेल्या स्ट्रिपा मात्र नाहीत. आणि मुदत संपलेला माल कपाटात वेगळा ठेवा, म्हणजे उचलायला आलेल्या मुलाचा अर्धा तास वाचेल.

जुन्या बाकीचा उतारा सोबत जोडला आहे. आकडा जुळत नसेल तर २५ मेपर्यंत कळवा.

आपला,
सुहास
परळ गोडाऊन