विषय: ऑक्टोबर २०२५ चा मासिक जाहिरात अहवाल – प्रति लीड खर्चात झालेली वाढ, तिची कारणे आणि केलेले बदल

आदरणीय पाटील साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरगुती सोलर संचांच्या जाहिरातींचा ऑक्टोबर महिन्याचा अहवाल पाठवत आहे. या महिन्यात एका लीडमागचा, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या एका चौकशीमागचा खर्च ३०० रुपयांवरून ४५० रुपयांवर गेला, म्हणजे दीडपट झाला. सोमवारी फोनवर आपण विचारलेत, "पैसे तेवढेच जात असताना चौकशा कमी का?" त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आकड्यांसह आपल्याला मिळावे, म्हणून नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

| तपशील | सप्टेंबर | ऑक्टोबर |
|---|---|---|
| एकूण खर्च | ₹१,२०,००० | ₹१,२६,००० |
| एकूण लीड | ४०० | २८० |
| प्रति लीड खर्च | ₹३०० | ₹४५० |
| मेटावरील लीड आणि दर | ३०० (₹२४०) | २१० (₹३६०) |
| गुगलवरील लीड आणि दर | १०० (₹४८०) | ७० (₹७२०) |
| प्रत्यक्ष छताची पाहणी | ९६ | ७७ |
| प्रति पाहणी खर्च | ₹१,२५० | ₹१,६३६ |

दोन्ही ठिकाणी दर दीडपट झालेला दिसत असला, तरी त्यामागची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यामुळे उपायही वेगळे करावे लागले.

आधी मेटाविषयी, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामविषयी. तिथे जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. दसरा ते भाऊबीज या काळात सराफ, दुचाकीवाले, कापड दुकाने आणि इलेक्ट्रॉनिक्सची शोरूम असे सगळेच एकाच वेळी त्याच ग्राहकासमोर येण्यासाठी बोली लावतात. त्यामुळे आपली जाहिरात हजार वेळा दिसण्याचा दर सप्टेंबरमधील १२० रुपयांवरून ऑक्टोबरमध्ये सरासरी १६८ रुपयांवर गेला. महिन्याचे तीन भाग करून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते: १ ते ९ तारखेला हा दर सुमारे १५५ रुपये होता, १० ते २३ या दिवाळीच्या दिवसांत २०० रुपये झाला आणि भाऊबीज उलटल्यावर १४० रुपयांपर्यंत खाली आला. जाहिरातीवर क्लिक करून फॉर्म भरणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही महिन्यांत शंभरात साधारण ३.३ एवढेच राहिले, म्हणजे फॉर्ममध्ये किंवा आपल्या प्रस्तावात काही बिघाड झालेला नाही.

क्लिक करणाऱ्यांचे प्रमाण मात्र १.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले आहे आणि याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एकाच माणसाला आपली जाहिरात सप्टेंबरमध्ये सरासरी दोनदा दिसत होती, ती ऑक्टोबरमध्ये अडीच वेळा दिसली. शिवाय २२ सप्टेंबरपासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यापासून आपल्या क्षेत्रातील बहुतेक विक्रेत्यांच्या जाहिरातींचा मजकूर एकसारखा झाला आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील "७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान" ही ओळ आता जवळपास प्रत्येकाच्या जाहिरातीत आहे. ती खरी आहे, तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला तेवढे अनुदान मिळते. पण सगळेच तेच सांगू लागल्यावर वाचणाऱ्याचे बोट आपल्याच जाहिरातीवर थांबावे असे त्या ओळीत काही उरत नाही.

गुगलवरचे कारण वेगळे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. तिथे एका क्लिकचा दर २४ रुपयांवरून २८ रुपये झाला, कारण ऑक्शन इनसाइट्स या गुगलच्या स्पर्धकांविषयीच्या अहवालात सप्टेंबरमध्ये चार स्पर्धक दिसत होते, ते ऑक्टोबरमध्ये सात झाले. परंतु दरवाढीपेक्षा मोठा फरक क्लिकनंतर पडला आहे: सप्टेंबरमध्ये शंभर क्लिकमागे ५ लीड येत होत्या, ऑक्टोबरमध्ये ३.९ आल्या. लोकांनी नेमके काय टाइप करून आपल्या जाहिरातीवर क्लिक केले, ती शोधशब्दांची यादी आम्ही ओळ न ओळ तपासली. सप्टेंबरअखेरच्या बैठकीत चौकशा वाढवण्यासाठी आपण ब्रॉड मॅच, म्हणजे दूरान्वयाने संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवण्याचा पर्याय, सुरू करण्याचे ठरवले होते. त्यामुळे "मागेल त्याला सौर कृषी पंप अर्ज", "कुसुम सोलर पंप यादी", "सूर्यघर लॉगिन", "सोलर कंपनीत नोकरी" अशा शोधांवरही आपली जाहिरात दिसू लागली. एकूण १,८०० क्लिकपैकी सुमारे ४३० क्लिक अशा शोधांतून आले, त्यांवर साधारण १०,७५० रुपये खर्च झाले आणि त्यांतून फक्त ३ लीड मिळाल्या. शेतीपंपाचे काम आपण करत नाही, त्यामुळे त्या शेतकऱ्यांचाही वेळ गेला आणि आपले पैसेही. हे क्लिक बाजूला काढले, तर उरलेल्या १,३७० क्लिकमधून ६७ लीड मिळाल्या आहेत, म्हणजे शंभरात ४.९. घराच्या छतासाठी खरोखर सोलर शोधणारा माणूस आपल्या पानावर आल्यावर पूर्वीइतकाच विश्वासाने फॉर्म भरतो आहे, हे यावरून दिसते.

आपण फोनवर असेही सुचवले होते की, गुगल एवढे महाग पडत असेल तर ते बंद करून सगळी रक्कम मेटावर लावावी. ७२० आणि ३६० हे दोनच आकडे पाहिले तर तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या कार्यालयाकडून आलेल्या नोंदींनुसार ऑक्टोबरच्या लीडमधून आतापर्यंत निश्चित झालेल्या ११ ऑर्डरपैकी ६ गुगलवरच्या आणि ५ मेटावरच्या आहेत. म्हणजे एका ऑर्डरमागे गुगलवर ८,४०० रुपये, तर मेटावर १५,१२० रुपये खर्च आला. सप्टेंबरमध्येही गुगलची ऑर्डर ६,८५७ रुपयांना आणि मेटाची ८,००० रुपयांना पडली होती. ऑर्डरची संख्या लहान आहे आणि ऑक्टोबरच्या काही ग्राहकांचा निर्णय अजून व्हायचा आहे, तरीही सलग दोन महिने दिशा एकच असल्याने गुगल बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता केलेल्या बदलांविषयी. गुगलवर २९ ऑक्टोबरपासून ब्रॉड मॅच बंद करून, आपल्या शब्दसमूहाच्या अर्थाशी जुळणाऱ्या शोधांवरच जाहिरात दाखवणारा फ्रेज मॅच सुरू केला आहे आणि पंप, कुसुम, कृषी, मागेल त्याला, लॉगिन, स्टेटस, नोकरी हे शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही प्रकारांनी वगळले आहेत. १ ते ४ नोव्हेंबरमध्ये ४,९०० रुपयांत ९ लीड आल्या, म्हणजे दर ५४४ रुपये पडला. चार दिवसांच्या आकड्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण यादीत पंपाचा एकही शोध आता दिसत नाही.

मेटावर आपले पाच अ‍ॅड सेट, म्हणजे भागांनुसार जाहिरातींचे पाच गट होते: कोल्हापूर शहर, करवीर-पन्हाळा, कागल-गडहिंग्लज, इचलकरंजी-जयसिंगपूर आणि सांगली-मिरज. मेटाच्या यंत्रणेला योग्य माणूस ओळखायला शिकण्यासाठी एका अ‍ॅड सेटमध्ये आठवड्याला साधारण ५० लीड लागतात. आपल्याकडे पाचही मिळून आठवड्याला सत्तेचाळीसच्या आसपास येत होत्या, त्यामुळे एकही सेट शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडत नव्हता. म्हणून ३ नोव्हेंबरपासून पाचांचा एकच सेट केला आहे. याचा एक तोटाही सांगितला पाहिजे: कोणत्या गावावर किती खर्च करायचा यावर आपला पूर्वीएवढा ताबा राहणार नाही. सांगली-मिरजेकडे निम्म्याहून अधिक खर्च जाऊ लागला आणि आपल्या पाहणी पथकाला तिकडच्या फेऱ्या झेपेनाशा झाल्या, तर तो भाग पुन्हा वेगळा काढू.

कागल आणि इचलकरंजीभोवती जाहिरात दिसण्याच्या वर्तुळात कर्नाटकातील निपाणी आणि चिक्कोडीही येत होते, ते आता वगळले आहेत. तिथे वीजपुरवठा महावितरणचा नसून हेस्कॉमचा आहे आणि आपली नोंदणी महावितरणकडे आहे. सप्टेंबरमध्ये अशा १७ आणि ऑक्टोबरमध्ये १९ लीड आल्या होत्या. दरवाढीचे हे मुख्य कारण नव्हे, पण ज्यांचे काम आपण घेऊच शकत नाही त्यांच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

जाहिरातीच्या मजकुरात अनुदानाची ओळ मागे घेऊन आपण प्रत्यक्ष बसवलेले संच पुढे आणावेत, असे सुचवते. कळंबा, रुईकर कॉलनी किंवा उचगाव अशा ओळखीच्या भागातील घर, त्या घरातील माणूस आणि संच बसण्यापूर्वीचे व नंतरचे वीजबिल, एवढेच दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरेसा आहे. "बिल शून्य" असे सरसकट वचन मात्र कुठेही देऊ नये. स्थिर आकार भरावाच लागतो आणि अनुदानही संच बसल्यानंतर ग्राहकाच्या खात्यात जमा होते, हे जाहिरातीतच सांगितले तर पाहणीच्या वेळी आपल्या माणसाला ते समजावत बसावे लागणार नाही.

एक बाब आपल्या कार्यालयाच्या हातातली आहे. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज, २१ ते २३ ऑक्टोबर या तीन दिवसांत २४ लीड आल्या आणि त्यांतून फक्त २ पाहण्या झाल्या. उरलेल्या महिन्यात २५६ लीडमधून ७५ झाल्या. सुट्टीत फोन न जाणे समजण्यासारखे आहे. यापुढे कार्यालय सलग दोन दिवस बंद असेल तेव्हा आम्हाला आधी कळवावे, म्हणजे त्या दिवसांचा खर्च थांबवून पुढे वापरता येईल.

नोव्हेंबरसाठी खर्च न वाढवता १,२०,००० रुपयेच ठेवावा: मेटा ७२,००० आणि गुगल ४८,०००. मेटाचा दर १४० रुपयांवर टिकला आणि क्लिकचे प्रमाण आहे तेवढेच राहिले, तर तिथे २४० लीड मिळतील; गुगलवर शोधशब्द स्वच्छ राहिले तर ८४. यातून प्रति लीड खर्च ३७० रुपयांच्या आसपास येतो आणि नव्या व्हिडिओंनी क्लिकचे प्रमाण पुन्हा दीड टक्क्यावर नेले तर तो ३५० रुपयांपर्यंत उतरेल. या सुधारणेतील मोठा वाटा सणाची गर्दी ओसरल्याचा असेल, तो आमच्या कामाचा म्हणून दाखवणार नाही. स्पर्धक वाढल्यामुळे ३०० रुपयांचा जुना दर याच महिन्यात परत मिळेल असे मी म्हणू शकत नाही. २० नोव्हेंबरपर्यंत दर ४०० रुपयांच्या खाली आला नाही, तर महिनाअखेरची वाट न पाहता आपल्याला कळवून मेटावरील खर्च कमी करू.

यासाठी आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत: चित्रीकरणाला लेखी संमती देणारे तीन ग्राहक, कोणत्या लीडची पाहणी झाली याची यादी दर सोमवारी सकाळी, आणि वरील खर्चाला आपली मंजुरी. पाहण्या महिन्याला सत्तर-ऐंशीच असल्याने त्यांवर थेट बोली लावता येणार नाही, पण ही यादी दोन्ही ठिकाणी चढवत राहिल्यास कोणती जाहिरात खरे ग्राहक आणते हे दर आठवड्याला कळेल.

शुक्रवारी, ७ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता आपल्या शाहूपुरीतील कार्यालयात येऊन शोधशब्दांची संपूर्ण यादी प्रत्यक्ष दाखवावी असा विचार आहे. ही वेळ सोयीची नसल्यास कृपया कळवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
स्नेहल
खाते व्यवस्थापक, डिजिटल जाहिरात विभाग
राजारामपुरी, कोल्हापूर
५ नोव्हेंबर २०२५