मेणवलीच्या घाटावर मुग्धाला वाचून दाखवायचं

मुग्धा, जरा बस. हसायचं असेल तर हस, पण मध्ये दुरुस्त करू नकोस.

मी वही बघून वाचणार आहे. आधी पाठ करायचा विचार होता. मेसच्या मावशी म्हणाल्या, "पाठ केलेलं ऐनवेळी विसरलास तर पोरगी ताटकळेल. त्यापेक्षा सरळ वाच." हे सगळं त्यांनी ऐकलंय. चार-दोन ठिकाणी शब्द बदलले, एका ठिकाणी डोळे पुसले. त्या वेळी कांदा चिरत होत्या, त्यामुळे त्याचा अर्थ काय धरायचा ते मला ठाऊक नाही.

माझं मराठी कुठून आलं ते तुला माहीत आहे. चाकणच्या प्रेस शॉपमधून आलं. तिथे मी पहिल्यांदा शिकलो ते "डाय बदल", "बोल्ट आवळ", "माल रिजेक्ट झाला", "सेकंड शिफ्टला कोण आहे". त्या मराठीत भांडता येतं, चहा मागता येतो, सुट्टी मागता येते. मुलीला लग्नाचं विचारता येत नाही. आमच्या एका ऑपरेटरचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, सेटिंग झालं, आता फक्त प्रोडक्शन." ते वाक्य मी वापरणार नाही.

(वर बघ. श्वास घे.)

तू विचारशील, मग इंग्रजीत का नाही बोलत? आपण दोघं इंग्रजीतच भेटलो, इंग्रजीतच भांडतो. पण इंग्रजीत तू मला नेहमी थोडी मीटिंगमधली वाटतेस. नीट वाक्य, पूर्ण वाक्य, शेवटी "ओके?" आणि मग आजीचा फोन येतो. तू उठून खिडकीशी जातेस आणि तुझा आवाजच बदलतो. एकदम भरभर बोलायला लागतेस, मध्येच ओरडतेस, मध्येच खिदळतेस, "अगं आजे, ऐक तर" म्हणतेस. सुरुवातीला मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. भाजी काय केली, गाय व्यायली का, कोणाची सून माहेरी गेली, एवढंच चाललेलं असायचं, हे पुढे कळलं. पण तेव्हा मी सोफ्यावर बसून विचार करायचो, की ही मुलगी जिथे राहते तिथे मला कोणी आत घेतलेलंच नाही. मी फक्त तिच्या ऑफिसच्या भाषेत बसलोय.

म्हणून मी मराठी शिकायला लागलो. कंपनीसाठी नाही. कंपनीचं काम हिंदीवर भागतं.

अजून नीट येत नाही, ते मला माहीत आहे. नदी ती, घाट तो, पाणी ते. तिन्ही आपल्यासमोर आहेत आणि तिघांचा नियम वेगळा. आमच्या तमिळमध्ये दगड, खुर्ची, टेबल सगळे एका रांगेत बसतात, कोणी बाई नाही, कोणी बुवा नाही. तुझ्या नावातला "ध" सुद्धा आमच्या लिपीत वेगळा लिहिता येत नाही. अम्मा तुला "मुग्दा" म्हणते आणि तुझी आजी मला "शांतीलाल" म्हणते, तेव्हा त्या बाबतीत दोन्ही घरं बरोबरीत आहेत. पंचावन्न आणि पासष्ट यांत मी अजून गोंधळतो. म्हणून आजच्या भाषणात आकडे कमी ठेवलेत.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तंजावरच्या मोठ्या देवळात, बृहदीश्वराच्या आवारात, एका भिंतीवर लांबच लांब कोरलेला मजकूर आहे. शाळेची सहल दर वेळी तिथेच जायची, कारण तिकीट नाही आणि बसचं भाडंही नाही. आम्ही त्या भिंतीला टेकून लिंबूभात खायचो. आमच्यातल्या कोणालाच ती अक्षरं वाचता यायची नाहीत. वरच्या आडव्या रेघा बघून आम्ही म्हणायचो, हे हिंदी आहे. ते मराठी होतं. भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला. गेल्या पोंगलला घरी गेलो तेव्हा मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. जुनी भाषा आहे, सगळं कळलं नाही. पण इकडे एक नाव, तिकडे एक क्रियापद, असं करत मी वाचत होतो. मागून एक गाईड आला आणि तमिळमध्ये म्हणाला, सार, तुम्ही महाराष्ट्रातून का? मी हो म्हटलं. खोटं बोललो असं मला त्या क्षणी वाटलं नाही.

तुमची माणसं आमच्या गावी येऊन जवळजवळ दोनशे वर्षं राज्य करून राहिली. मी उलटा आलो, तेही घोड्यावर नाही, तात्काळच्या तिकिटावर. ती घंटा बघ. वसईहून आणलेली, पोर्तुगिजांची. तिला जिंकून आणलं होतं. मला कोणी जिंकून आणलेलं नाही, मी माझ्या पायांनी आलोय. तिला इथे जागा मिळाली, तर माझा अर्ज निदान विचारात घ्या.

(इथे ती हसली नाही तरी पुढे वाच.)

आता बाबांचं. फेब्रुवारीत मी हळद शिजवायला आलो होतो, आठवतं? तू वाईला बँकेत गेली होतीस. मळ्यात मी आणि बाबा दोघंच. काहिलीखाली जाळ, वर पोतं टाकलेलं, सगळीकडे ओला, मातीसारखा वास. मला वाटलं काहीतरी करून दाखवावं, म्हणून मी काठी घेऊन ढवळायला गेलो. बाबा म्हणाले, "ढवळायचं नसतं. बस." मी बसलो. मग ते काही बोलले नाहीत, मीही नाही. वाफेचा रंग बदलला तसं त्यांनी पोतं बाजूला सारलं, एक हळकुंड काढलं आणि गवताची काडी माझ्या हातात दिली. म्हणाले, "घाल." काडी आरपार गेली. "झालं," म्हणाले, "आता उन्हात." त्या दिवशी त्यांनी मला माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही. घरी निघताना मूठभर ओली हळद पिशवीत घालून दिली, अम्मासाठी. अम्माने ती कुंडीत लावलीय. कोंब आलाय. फोटो मी मुद्दाम पाठवला नाही, आज दाखवतो.

पण कधीतरी ते विचारणारच. जातीचं विचारलं तर मी खरं सांगेन. ते ऐकून कोणी चहाचा कप खाली ठेवला तर वाईट वाटेल, पण सांगेन. तू मध्ये पडून माझ्या वतीने बोलू नकोस.

आणि आता ते सांगतो जे लग्नाआधीच सांगायला हवं. ताईच्या लग्नाचं आणि घराच्या छपराचं मिळून नऊ लाखांचं कर्ज आहे. नऊ मला बरोबर येतं. ते माझ्या नावावर आहे आणि मीच फेडतोय, अजून तीन वर्षं जातील. तोपर्यंत चिंचवडचं भाड्याचं घरच राहील. अप्पांची शेती कावेरीच्या पाण्यावर आहे. जूनमध्ये मेट्टूरचं धरण उघडलं की आमच्याकडे भाताची सुरुवात होते, नाही उघडलं तर त्या वर्षी घरात आवाज कमी होतो. अप्पा थकले की मला तिकडे जास्त जावं लागेल. कायमचं जावं लागेल का, ते आज मी सांगू शकत नाही. तू नोकरी सोडून चल असं मी म्हणणार नाही, एवढं आज सांगू शकतो. अम्माने तसं काही सुचवलं तर तिच्याशी मी बोलेन, तू नाही. तमिळमध्ये मी चांगला भांडतो. ते तू अजून ऐकलेलं नाहीस.

तमिळ शिकायची अट नाही. शिकलीस तर अम्मा गल्लीभर सांगत फिरेल, आणि तुला रोज दोनदा जेवावं लागेल. विचार करून ठरव.

आमटीत गूळ मला अजून पटलेला नाही. त्या बाबतीत मी बदलेन असं वचन देत नाही. पण ताटात आली तर खाईन, आणि आजी समोर असेल तर पुन्हा मागेन.

मी रागावलो की गप्प होतो, हे तुला माहीत आहे. तू म्हणतेस, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्याचं एक कारण असं, की राग आला की माझं इंग्रजी आधी संपतं आणि मराठी तर जागच्या जागी थांबतं. यापुढे निदान "मला राग आलाय, अर्ध्या तासाने बोलतो" एवढं तरी मी मराठीत म्हणेन. ते वाक्य मी लिहून ठेवलंय, फ्रिजवर लावायचं.

तुला सुखात ठेवेन वगैरे मी लिहिलं होतं. मावशींनी ते खोडलं. म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात, माझा पण म्हणाला होता." मग मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, "सकाळी आधी कोण उठणार ते लिही." तर सकाळी मी आधी उठेन. फर्स्ट शिफ्ट असली तर पाचला, नसली तरी सहाला. फिल्टर कॉफी मी करेन, आणि तुला चहाच हवा असेल तर चहाही करेन, आलं ठेचून. पाणी भरणं माझ्याकडे. आजीचा फोन आला की मी टीव्ही बंद करेन. आणि तिने माझी चौकशी केली, तर या वेळी मला फोन दे. मी बोलेन. शांतीलाल म्हणून बोलेन, काही हरकत नाही.

(वही खाली ठेव. हे पाठ आहे.)

मुग्धा, मला तुझ्याशी लग्न करायचंय. तू माझ्याशी लग्न करशील का?

लगेच सांगायलाच हवं असं नाही. वेळ हवा असेल तर "वेळ हवा" म्हण. नको असेल तर "नको" म्हण. तेही मला कळतं आणि परतीची एसटी मला माहीत आहे. फक्त "बघू" म्हणू नकोस. कारखान्यात "बघू" म्हणजे कधी उद्या असतं, कधी कधीच नाही असतं, आणि कुठलं कधी ते मला अजून ओळखता येत नाही.

हो असेल तर आत्ताच घरी जाऊ. बाबा संध्याकाळी मळ्यातून येतात, हातपाय धुऊन ओट्यावर बसतात. तेव्हा त्यांच्याशीही मीच बोलणार. ते भाषण वहीच्या मागच्या पानापासून सुरू होतं. यापेक्षा लहान आहे, त्यात ऑपरेटरचा किस्सा नाही, आणि "तू"च्या जागी सगळीकडे "तुम्ही" केलंय. जायच्या आधी तेवढं एकदा तपासून दे.