विषय: आडव्या बोअरच्या विहिरी, औसा तालुका – एकत्र शोधनिबंध लिहिण्याबाबत

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. मी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी. करते, दुसरं वर्ष. बेसाल्टमधल्या लाल बोलच्या थरांवरचा आपला लेख वाचल्यापासून एक शंका पिच्छा सोडत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या शिवारात विहीर आटली की आडवे बोअर मारतात. मशीन तळाशी सोडायचं आणि चारी बाजूंनी भोकं पाडायची, बहुतेक मांजऱ्या खडकात, लाल थराच्या जरा वर. मी 14 महिने 22 विहिरी मोजते आहे. त्यातल्या दोघींत 70 मीटरचं अंतर आहे. एकीची मोटार सुरू केली की दुसरीचं पाणी 40 मिनिटांत उतरू लागतं. दोघींच्या मध्ये तिसरी विहीर आहे, तिला आडवा बोअर नाही, आणि तिला याचा पत्ताही नसतो! मग आडवे बोअर असलेल्या विहिरीत दिसते ती भूजलाची पातळी म्हणायची का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. ही तासाभराची हालचाल त्यात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट आजोबांची वही. 1987 ते 2009, दर पाडव्याला आणि दसऱ्याला आमच्या विहिरीचं पाणी किती परस खाली आहे, त्याची नोंद. 1993च्या दसऱ्याची ओळ कोरी आहे. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. परस म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न होता. पण त्यांचा गाठी मारलेला अंबाडीचा दोर माळ्यावर सापडला. गाठींमधलं अंतर कोरड्यात सरासरी 1.71 मीटर भरलं. भिजला की दोर आखडतो, म्हणून ओला करूनही मोजला.

कच्चे दुवेही सांगते. विहिरींच्या काठांची उंची मी मोबाइलवर घेतली आहे, ती विश्वासाची नाही. पंपिंग टेस्ट मला एकटीला जमणारी नाही. आणि आडवे बोअर नेमके किती लांब, हे मालक सांगतील तेच धरलं आहे (शेजाऱ्याच्या बांधाखाली गेलेला बोअर कोण कबूल करणार?).

आपण उंचीची मोजणी आणि टेस्टचं विश्लेषण पाहावं, शिवारातलं काम आणि पहिला मसुदा माझ्याकडे, असं सुचवते. प्रथम लेखक मी असावं अशी इच्छा आहे, पण ते बोलून ठरवू. माझ्या मार्गदर्शकांना विचारूनच हा मेल करते आहे.

टेस्ट एप्रिलमध्येच व्हायला हवी, मे महिन्यात निम्म्या विहिरींत मोटारच पाणी धरत नाही. सोबत 22 विहिरींची नोंद आणि वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत. शनिवारी दुपारनंतर आपल्याला वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?

आपली नम्र,
वैशाली