तिसरा आठवडा : १५ ते २१ जून, ठरवलेलं किती आणि गेलं किती

सुमित,

रविवार आहे, हिशेबाची वेळ. आज रात्री दहाच्या आत आकडे पाठव. उद्यावर ढकललंस की तुझं काय होतं ते आपण एप्रिलमध्ये पाहिलंय.

आधी मागच्या रविवारचं. दुसऱ्या आठवड्यात ५,६४० गेले म्हणालास आणि मी तुला फोनवर वाजवलं. ते मागे घेते. परवा पूजाशी बोलताना कळलं की त्यात भिशीचे १,००० होते आणि तू ते किराण्यात टाकून मोकळा झालास. भिशी हा खर्च नाही, पूजाचा नंबर लागला की ते पैसे परत येणार. पण दर महिन्याला घरातून एक हजार बाहेर जातात हेही खरं, आणि आपल्या कागदावर त्यांना जागाच नव्हती. मी आता ते भाडं-हप्त्यांच्या यादीत घातले. अडीअडचणीला ठेवलेले १,९०० होते, त्यातले ९०० उरले. म्हणजे या महिन्यात मिक्सर बिघडला तर दुरुस्त होईल, नवा येणार नाही.

भिशी बाजूला काढल्यावर चित्र असं आहे. पहिला आठवडा ४,७८०, दुसरा ४,६४०, मिळून ९,४२०. ठरले होते ९,८००. तू ३८० रुपयांनी पुढे आहेस, आणि बोलणी मात्र ६२० जास्त गेल्याची खाल्लीस.

आता हा आठवडा. ठरलेलं पुन्हा लिहिते, म्हणजे कागद सापडत नाही म्हणायला नको:

किराणा १,५००
भाजी-फळं ७००
दूध-अंडी ७७०
पेट्रोल ५००
बाहेरचं खाणं-फिरणं ६००
औषध-डॉक्टर २५०
ओवीचं किरकोळ २८०
तुझा खिसा ३००
एकूण ४,९००

याच क्रमाने आठ आकडे एकाखाली एक पाठव. पहिल्या आठवड्यात पाठवले होतेस तसे: १,६२०, ६४०, ७७०, ५००, ४८०, ०, ४६०, ३१०. ते छान होतं. मागच्या वेळसारखं ‘साधारण पाच-साडेपाच गेले असतील’ नको. मी पतसंस्थेत बावीस वर्षं काउंटरला बसते, ‘साधारण’ म्हणणाऱ्या माणसाची शिल्लक कधी जुळलेली पाहिली नाही. शून्य असेल तर शून्य लिही. जागा मोकळी सोडलीस तर खर्च झाला नाही की लिहायचा राहिला, हे मला कळत नाही.

आकडे काढताना बँकेच्या ॲपवर विसंबू नकोस. तू चहा, भाजी, रिक्षा सगळं यूपीआय लाइटवरून देतोस आणि बँकेच्या उताऱ्यात फक्त ‘लाइटमध्ये २,००० भरले’ एवढंच दिसतं. ते २,००० तू खर्च धरतोस आणि भाजीचे पुन्हा वेगळे धरतोस. भरले म्हणजे या खिशातून त्या खिशात ठेवले, बस. सोमवारी सकाळी लाइटमध्ये किती होते, आठवड्यात किती भरले आणि आत्ता किती उरलेत, हे तीन आकडे सांग. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की गेलेले पैसे समोर येतात. ते कुठल्या कुठल्या खात्यात गेले हे लाइटच्या इतिहासात एकेक करून दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे, ओवीला झोपवताना कर.

क्रेडिट कार्डाचं तुला माहीत आहे, तरी विचारणारच. या आठवड्यात कार्ड घासलंस का? कुठे, किती? बिल जुलैत येणार असलं तरी खर्च ज्या दिवशी केलास त्या दिवशीचा, याच आठवड्यात लिही. आणि १८ तारखेला बिल निघालं असेल त्याची पूर्ण रक्कम कळव. ‘किमान भरणा’ नावाच्या ओळीकडे बघूही नकोस. ती ओळ भरून भरूनच दिवाळीचे ४१,००० एप्रिलपर्यंत पुरले होते, आणि शेवटी बोनस त्यात घालावा लागला.

आता एकेक.

किराणा. गहू एप्रिलमध्येच इथून पाठवलाय, म्हणून १,५०० धरले. तेलाचा डबा घेतलास का? पाच लिटरचा घेतला असशील तर या आठवड्यात आकडा फुगणार, ते मला चालेल. फक्त ‘तेल’ एवढा शब्द शेजारी लिही, म्हणजे पुढच्या आठवड्यात किराणा कमी आला की मी तुला संशयाने विचारणार नाही.

भाजी. इथे सांगलीत पाऊस लागल्यापासून कोथिंबीर हातात धरवत नाही, तिकडे चिखलीत काय वेगळं असणार! ७०० त धाप लागत असेल तर सांग. हे महत्त्वाचं आहे, म्हणून नीट वाच. पैसे जास्त जाण्याची दोन कारणं असतात. एक तर हात सैल सुटला, नाहीतर आपण आकडाच चुकीचा धरला. भाजीत बहुधा दुसरं निघेल. पूजाला विचार, नेहमीएवढीच भाजी आणली की कमी आणली? नेहमीएवढीच आणून आठशेच्या वर गेले असतील तर जुलैपासून आपण ८५० धरू. ते १५० आभाळातून पडणार नाहीत, बाहेरच्या खाण्यातून काढावे लागतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाहेरच्या खाण्यावरून आठवलं. शनिवारी तुझ्या स्टेटसला सिंहगड दिसला. धुकं, कांदाभजी, मटक्यातलं दही, पिठलं-भाकरी, ओवीच्या हातात कणीस. बघून बरं वाटलं, खरंच. किती गेले? तुझ्या मित्राची चारचाकी होती, म्हणजे पेट्रोलची वर्गणी दिली असशीलच. ती पेट्रोलच्या ५०० त लपवू नकोस, ते ५०० तुझ्या चाकणच्या जाण्यायेण्याचे आहेत. फिरायला गेलेलं पेट्रोल फिरण्याच्या खात्यात. शुक्रवारी रात्री जेवण मागवलं होतंत असं पूजा म्हणाली, तेही तिथेच, पोचवण्याच्या पैशांसकट. दोन्ही मिळून ६०० त बसलं असेल असं मला वाटत नाही. नसेल बसलं तर नसेल. ३८० शिल्लक आहेत, त्यातून घे आणि तसं लिही. सिंहगडावर जाऊ नका असं मी कधी म्हटलेलं नाही. पेट्रोलच्या बुरख्याआडून जाऊ नका, एवढंच.

दूध ठरलेलं आहे, त्यात काही विचारायचं नाही. औषधात शून्य असावं ही इच्छा. पावसात भिजून कुणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरची फी आणि गोळ्या वेगवेगळ्या लिही, एवढंच.

ओवीची शाळा सोमवारी सुरू झाली. इथे घोळ होणार हे मला आधीच दिसतंय. फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, बूट, दप्तर, रेनकोट हे सगळं आरडीच्या पैशांतून जायचं होतं. मेअखेरीस ३६,००० आणि वरचं व्याज हातात आलं, पहिल्या सत्राची फी २७,००० गेली, बाकीच्या खरेदीला नऊ हजार आणि व्याज राहिलं. त्यातून आजपर्यंत काय काय घेतलं आणि किती उरले, ते वेगळं सांग. आठवड्याच्या ४,९०० त शाळेची एकही पावती मिसळू नकोस. आणि उलटही होऊ देऊ नकोस: आरडीतले उरलेत म्हणून त्यातून गॅसचं सिलिंडर आणलंस, असं करू नकोस. दुसऱ्या सत्राची फी दिवाळीच्या आसपास येणारच आहे. ओवीच्या २८० त फक्त पेन्सिली, खाऊ, वाढदिवसाला नेलेली भेटवस्तू असलं बारीकसारीक. व्हॅनचे १,८०० महिन्याच्या यादीत आहेत. शाळा पंधरा तारखेला सुरू झाली तरी व्हॅनवाल्या काकांनी जूनचे पूर्ण घेतले की अर्धे, हे विचारायला विसरलास तर नाही ना?

तुझा खिसा. यात काय केलंस ते मी विचारत नाही, विचारणार नाही. आकडा मात्र हवा. ३१० चे ३६० झाले तरी खरे लिही.

हप्ते वेळेवर गेले का? भाडं १३,५००, गाडीचा ३,८५०, एसआयपी ४,०००, नवी आरडी ३,०००. पाच तारखेला खात्यात पैसे होते हे मला माहीत आहे, पण गेले ते डोळ्यांनी बघ. वीजबिल आलं असेल. ११०० धरले होते, मेच्या उकाड्याचं बिल आहे, जास्त आलं असेल तर उरलेल्या ९०० तून जाईल. आकडा सांग.

कंपनीत पगारवाढीचं पत्र आल्याचं म्हणालास. अभिनंदन, पेढे सांगलीला आल्यावर. पण जुलैचा कागद मी ५८,६०० वरच मांडलाय. वाढीव पैसे खात्यात पडले, पगारपत्रकात पीएफची कपात किती वाढली ते दिसलं, की मगच हात लावू. पत्रावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यात नेहमी फरक असतो.

पुढचं गणित असं. २२ ते ३० जून नऊ दिवस आहेत, आठवडा नव्हे. दिवसाला ७०० प्रमाणे ६,३०० होतात. या आठवड्यात तुझे ५,२८० पर्यंत गेले असतील तर ते ६,३०० तसेच राहतात. त्याच्या वर जेवढे गेले असतील तेवढे त्यातून कमी कर, आणि कुठल्या खात्यातून कमी करणार ते तू आणि पूजाने ठरवून मला सांगा. मी ठरवलं की तू पाळत नाहीस, तिने ठरवलं की पाळतोस. अनुभव आहे.

आकडे पाठवताना कारणं लिहू नकोस. विचारायचं असेल ते मी विचारेन.

आप्पांना पाच हजार पोचले. त्यातले पाचशे त्यांनी लगेच ओवीच्या नावाने बाजूला काढून ठेवलेत, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतील. ते हिशेबात धरू नकोस. ओवीला दे.

ताई