फोटोतला दुसरा प्रश्न: गोठणबिंदूवरून मोलर मास

ओंकार, तुझा फोटो रात्री साडेदहाला मिळाला. पान अर्धं सावलीत आहे आणि खालचा कोपरा दुमडलाय, तरी वाचता आलं. उद्या प्रिलिम आहे म्हणून सगळं सोडवून लिहिते. उत्तर उतरवून घेऊ नकोस, वहीत स्वतः करून बघ.

आधी प्रश्न मी कसा वाचला ते सांगते. (अ) 3.00 ग्रॅम अविद्युतअपघटनी पदार्थ 125 ग्रॅम पाण्यात विरघळवला, द्रावण −0.744 °C ला गोठतं, तर मोलर मास काढा. (ब) 2.22 ग्रॅम निर्जल क्लोराइड, सूत्र MCl2, 200 ग्रॅम पाण्यात. गोठणबिंदू −0.502 °C, विचरणाचं प्रमाण (तुमच्या भाषेत डिग्री ऑफ डिसोसिएशन) 0.85. मोलर मास काढा, धातू ओळखा. पाण्याचा Kf 1.86 K kg/mol.

त्या 0.85 मधला पहिला आकडा पुसट आहे. तो 8 आहे की 3, फोटोवरून कळत नाही. त्याकडे मग येऊ.

(अ) सरळ आहे. पाणी 0 ला गोठतं, द्रावण −0.744 ला, म्हणजे घट 0.744. इथे 273 मिळवायचं काम नाही. फरक सेल्सिअसमध्ये काढला काय आणि केल्विनमध्ये काढला काय, आकडा तोच.

```
M = Kf × w2 × 1000 / (ΔTf × w1)
  = 1.86 × 3.00 × 1000 / (0.744 × 125)
  = 5580 / 93.0
  = 60.0 g/mol
```

तुझं उत्तर 58.6 आलंय. ते कुठून आलं हे शोधायला मला पाच मिनिटं लागली. तू w1 च्या जागी 128 घातलेस, 125 + 3. काहून? मोलॅलिटी द्रावकाच्या किलोवर मोजतात, द्रावणाच्या नाही. पाण्यात साखर घातली म्हणून पाण्याचं वजन वाढत नाही. 60 म्हणजे युरिया असू शकतो, पण फक्त एवढ्यावर तो युरियाच असं लिहू नकोस. प्रश्नात ओळखायला सांगितलेलं नाही.

(ब) मध्ये खरी गंमत आहे. तू i न घालता तेच सूत्र वापरलंस:

```
1.86 × 2.22 × 1000 / (0.502 × 200) = 41.1
```

आणि बाजूला लिहिलंस, "41 म्हणजे कॅल्शियम?" कॅल्शियमचं अणुवस्तुमान 40 आहे म्हणून तुला ते जुळल्यासारखं वाटलं. धातू अगदी बरोबर निघाला, पण निव्वळ योगायोगानं. MCl2 मध्ये नुसत्या दोन क्लोरीनचंच वजन 71 होतं, मग अख्ख्या क्षाराचं 41 कसं असेल? एवढं तपासलं असतंस तर तिथंच थांबला असतास.

आता चूक कुठं आहे ते बघ. गोठणबिंदू किती खाली जाणार, हे पाण्यात एकूण किती कण हिंडताहेत त्यावर ठरतं. कण कोणता आहे याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही. आजीकडे लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ टाकायचो, आठवतं? तिथं साखर का टाकत नसत? साखरेचा एक मोल 342 ग्रॅमचा आणि तो अखंडच राहतो. मिठाचा 58.5 चा आणि त्याचे दोन तुकडे होतात. हिशेबानं पाहिलं तर ग्रॅमला ग्रॅम मीठ जवळपास बारापट काम करतं. तुकडे होण्याचा हा परिणाम मोजणारा आकडा म्हणजे i, व्हांट हॉफ फॅक्टर. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं तेच हे व्हांट हॉफ.

i पाठ करू नकोस, दर वेळी मोज. एक मोल MCl2 घे, त्यातला α इतका भाग तुटला:

```
MCl2     M2+     2 Cl-
1 − α     α       2α
एकूण: i = 1 + 2α
```

तुमच्या वर्गात बरेच जण 1 + α लिहितात, कारण उदाहरण नेहमी NaCl चं असतं. तिथं दोन तुकडे होतात, इथं तीन.

```
i = 1 + 2 × 0.85 = 2.70
M = 2.70 × 1.86 × 2.22 × 1000 / (0.502 × 200)
  = 11148.84 / 100.4
  = 111 g/mol
धातू = 111 − 71 = 40  →  Ca
```

i वर लिहायचा की खाली, यात गोंधळ झाला तर असा विचार कर: कण वाढले की घट वाढते, मग i न धरता काढलेलं मोलर मास खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून i नं गुणायचं. भागलंस तर 15 येईल, आणि 15 बघूनच संशय यायला हवा.

आता तो पुसट आकडा. 0.35 धरून बघ: i = 1.70, मोलर मास 69.9. क्लोरीनच 71, म्हणजे धातूचं वजन ऋण! म्हणून तो 8 च. i = 1 + α लिहिणाऱ्याला 76.1 मिळतं, धातू 5 चा. पण द्विसंयुजी धातूंत सगळ्यांत हलका बेरिलियमसुद्धा 9 चा आहे, म्हणजे तेही बाद. सगळ्यांत फसवा आकडा मात्र पूर्ण विचरण धरणाऱ्याचा. i = 3 घेतलं तर 123.4 येतं, धातू 52.4, आणि क्रोमियम 52.0 चं आहे. तो पोरगा आनंदानं क्रोमियम लिहून मोकळा होणार. त्यामुळे प्रश्नात α दिला असेल तर तो वापरायचाच.

उत्तर 111.04 असं लिहू नकोस. थर्मामीटर वाचताना 0.01 अंशाची चूक झाली तर 0.502 वर ती दोन टक्के होते, म्हणजे उत्तर 109 ते 113 मध्ये कुठंही जाईल. बेकमन थर्मामीटर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत खुणा करतो तो याचसाठी.

एक गोष्ट परीक्षेत लिहू नकोस, पण ठाऊक असू दे. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात खरं तर जवळपास पूर्णच तुटतं. आयन एकमेकांना ओढत असल्यामुळे ते कमी असल्यासारखे वागतात, आणि तीच तूट पुस्तक 0.85 म्हणून लिहितं. "निर्जल" हा शब्दही उगाच नाही. बाटली उघडी ठेवली तर हे मीठ हवेतलं पाणी पितं, आणि आपल्या जुलैच्या हवेत तर फारच. दोन पाण्याच्या रेणूंसह असलेला क्षार 147 चा होतो, मग 2.22 ग्रॅम तोलूनही मोल कमीच पडतात.

तिसऱ्या प्रश्नाचा फोटो अर्धाच आलाय, w2 चा आकडा बाहेर राहिला. पंखा बंद करून पान सरळ ठेव आणि पुन्हा पाठव. मी साडेअकरापर्यंत जागी आहे.