आजची नोंद तुमच्या हातची

नमस्कार मंडळी. दुसरी पाळी कामावर गेली आहे, पंप चालू आहेत, म्हणून जरा मोठ्याने बोलतो. पंप बंद ठेवून दिलेला निरोप सरांना रुचला नसता.

सर, तुम्ही आलात दोन वर्षांसाठी. युनिट चालू करून द्यायचं, आमची माणसं तयार करायची आणि परत जायचं, असं ठरलं होतं. त्याची तीन वर्षं झाली. परवा पहाटे तुमचं विमान आहे आणि मला अजून ते खरं वाटत नाही.

पहिल्या महिन्यात तुम्ही आमच्याकडून मराठीचा एकच शब्द उचललात, तोही तुम्हाला अजिबात न आवडलेला. ‘होईल.’ सील बदलून होईल का? होईल. रिपोर्ट मिळेल का? मिळेल, होईल. एके दिवशी तुम्ही फळ्यावर ‘होईल’ लिहिलंत आणि त्याच्यापुढे दोन प्रश्न: कोण करणार? कधी? त्या फळ्याचा आम्हाला राग आला होता, आज सांगून टाकतो. बाहेरून आलेला माणूस आपल्या बोलण्यावर बोट ठेवतो, असं वाटलं. पण त्यानंतर तुम्ही स्वतः ‘उद्या नऊला’ म्हणालात आणि पावणेनऊला हजर नाही, असं एकदाही झालं नाही. मग राग कुठे टिकणार?

मला मात्र आज फीड पंपाच्या त्या रात्रीबद्दल बोलायचं आहे. नव्या मुलांना ती ठाऊक नाही.

कपलिंगचं अलाइनमेंट मी केलं होतं, पंप थंड असताना. डायल गेजवर रीडिंग अगदी हवं तसं. पंपात गरम पाणी आलं की केसिंग प्रसरण पावतं, शाफ्टची पातळी वर सरकते, म्हणून गरम झाल्यावर पुन्हा मोजायचं असतं. हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलं होतं. त्या रात्री मी मोजलं नाही. पहाटे कंपन वाढलं, बेअरिंग गेलं, पंप बंद पडला. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर होतात.

परत आल्यावर तुम्ही लॉगबुक मागून घेतलंत. मी समोर उभा होतो. तुम्ही सावकाश, एकेक अक्षर जुळवत मराठीत लिहिलंत: ‘गरम झाल्यावर अलाइनमेंट आपण पुन्हा तपासलं नाही.’ तेव्हा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत तुमचा नेहमी गोंधळ व्हायचा. मी म्हटलं, सर, तुम्ही इथे नव्हतात, ‘आपण’ लिहिलं की तुम्हीही त्यात येता. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, “माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.”

ते पान मी जपून ठेवलं आहे. ‘तपासलं’ मधला अनुस्वार राहून गेला होता, तो तसाच ठेवला आहे. त्या दिवसानंतर आमच्यातल्या कोणीही चूक लपवली नाही. लपवायची गरजच उरली नाही.

वहिनी, तुमचेही आभार मानायचे आहेत. रात्री दोनला आमचे फोन गेले आणि तुम्ही कधी कंटाळून उत्तर दिलं नाहीत. तुमची लेक आली तेव्हा दोन वर्षांची होती. परवा तिला कोणीतरी विचारलं, “आता घरी जाणार ना?” ती म्हणाली, “मी घरीच आहे.” त्यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आलं नाही. तिला तिकडे रुळायला वेळ लागेल. तुम्हा दोघांनाही लागेल, आपल्याच देशात गेलात तरी. तो वेळ स्वतःला द्या.

सर, हँडओव्हर तुम्ही तीन आठवडे पुरवून केलात. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी नेऊन आमच्याकडून बोलून घेतलंत, स्वतः गप्प राहिलात. शेवटच्या आठवड्यात तर हात मागे बांधून उभे असायचात. ते तुम्हाला किती जड जात होतं, आम्हाला दिसत होतं.

आपल्या घड्याळांत आता साडेतीन तासांचं अंतर पडेल, हिवाळ्यात साडेचार. इथे रात्री साडेदहाला काही अडलं तर तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतील, लेकीच्या जेवणाची वेळ. तेव्हा फोन करणार नाही. आधी लॉगबुक उघडू, तुमच्या नोंदी वाचू, मोजू. तरीही उलगडलं नाही, तर मात्र फोन येईल आणि तुम्ही तो उचलाल, याची मला खात्री आहे.

टेबलावर लॉगबुक ठेवलं आहे, पेन शेजारी आहे. आजच्या पाळीची नोंद मी कोणालाही करू दिलेली नाही. कंपन ठीक, बेअरिंगचं तापमान ठीक, गरम अलाइनमेंट दुपारी तपासलं आहे. या सर, लिहा. आणि ‘आपण’च लिहा.