पदार्थ आत, हात बाहेर: सोवळे, शिधा आणि चहा

सारांश

उपवास आणि सोवळे यांविषयीच्या चर्चेत ‘काय चालते, काय चालत नाही’ या यादीवर भर असतो. या निबंधाचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातील ब्राह्मणी स्वयंपाकघरात ही यादी वेळोवेळी सहज बदलली. अन्न कोणी शिजवले आणि कोणी वाढले याविषयीचे नियम मात्र चिवट राहिले. त्यासाठी चार उदाहरणे घेतली आहेत: उपवासाच्या ताटात आलेली अमेरिकी पिके, कोरडा शिधा देण्याची रीत, 1890 मधील पुण्याचे पंचहौद मिशन चहा प्रकरण आणि 2017 मध्ये पुण्यातच सोवळे मोडल्यावरून झालेली पोलीस तक्रार. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांची वर्गीकरणाची मांडणी यादीचा उलगडा करते; सामाजिक सीमा समजून घ्यायला मानववंशशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियट यांचा देवाणघेवाणीचा विचार अधिक उपयोगी पडतो, असे येथे सुचवले आहे. पंढरपूरचा काला हे या मांडणीला छेद देणारे उदाहरण म्हणून तपासले आहे.

बीजशब्द: सोवळे, उपवास, शिधा, ग्रामण्य, रोटीव्यवहार

भाषण (दहा मिनिटे)

अध्यक्ष महोदया आणि मित्रहो, नमस्कार.

साबुदाण्याच्या खिचडीपासून सुरुवात करते. साबुदाणा कसावाच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. जिरं आणि तूप सोडलं तर या ताटलीत जुनं असं काही उरत नाही. म्हणजे एकादशीचं व्रत ज्यांनी सांगितलं, त्यांनी यातला एकही मुख्य जिन्नस पाहिलेला नव्हता. तरी खिचडी उपवासाला चालते, आणि हजारो वर्षं इथे पिकणारे गहू-तांदूळ चालत नाहीत. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून आपण हसतो आणि वाटी पुढे करतो. मीही करते.

या नव्या पदार्थांना आत घ्यावं की नाही, यावरून कुणाला वाळीत टाकल्याचं माझ्या वाचनात नाही. हळद चालते का, कोथिंबीर चालते का, यावर घराघरांत मतभेद असतात, पण ते सासू-सुनेच्या पातळीवर मिटतात. यादी लवचीक आहे. मग ताठरपणा कुठे आहे?

तो शोधायला सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जाऊ. आंघोळ करून, कुणी शिवणार नाही अशा बेताने उंच वलनीवर वाळत घातलेलं धाबळीचं किंवा रेशमी वस्त्र काठीने काढायचं, नेसायचं आणि मग चुलीपाशी बसायचं. पाणी वेगळं भरलेलं. या घरात भाजकं, तळलेलं अन्न एका रांगेत आणि पाणी घालून शिजवलेलं दुसऱ्या रांगेत. लाह्या, चिवडा, तुपातला लाडू बराच मोकळा फिरतो. वरणभाताला मात्र खरकट्याचे सगळे नियम लागू. भाताच्या पातेल्याला हात लागला की तो धुतल्याशिवाय तुपाच्या तांब्याला लावायचा नाही.

आता शिधा बघा. यजमान खालच्या मानलेल्या जातीचा असेल तर ब्राह्मण त्याच्या घरचा भात खात नसे, पण त्याच्याकडून कोरडा शिधा घेत असे. तांदूळ, डाळ, गूळ, तूप. हेच तांदूळ, हीच डाळ. यजमानाच्या शेतातली, त्याच्या हाताने मोजून दिलेली. त्यात पाणी पडून ती त्याच्या चुलीवर शिजली की मात्र ती घशाखाली उतरत नाही. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे. धान्य पवित्र की अपवित्र हा प्रश्नच इथे निकालात निघतो.

(पडद्यावर: पुणे, ऑक्टोबर 1890)

त्या महिन्यात एका दिवशी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. टिळक होते, रानडे होते. समोर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल खूप बोल लावले.

चहा हे पेय तेव्हा इथे नवंच होतं. कोणत्याही स्मृतीत त्याचा निषेध असणं शक्य नाही. घरी करून प्यायलेल्या चहाबद्दल हे वादळ उठलं नसतं. वादळ उठलं ते मिशनऱ्याच्या घरचा, त्याच्याकडच्या पाण्यात उकळलेला, त्याच्या माणसांनी दिलेला चहा होता म्हणून. आणि दंड काय, तर पुन्हा अन्नाचाच: वाळीत टाकलेल्याच्या पंक्तीला कुणी बसायचं नाही, त्याच्याकडच्या कार्याला भटजी मिळायची मारामार.

इथे सिद्धान्ताबद्दल थोडक्यात. डग्लस यांनी 1966 मध्ये बायबलमधल्या लेवीय ग्रंथातल्या निषिद्ध प्राण्यांचा उलगडा केला: वर्गीकरणात न बसणारं ते अशुद्ध. उपवासाला ‘धान्य’ वर्ज्य आणि ‘कंद’ चालतो, हे त्यातून छान कळतं. पंचहौदचा चहा कळत नाही. तिथे मॅरियट लागतात: कोण कुणाकडून शिजवलेलं घेतो आणि कोण घेत नाही, यावरून उतरंड मांडली जाते.

आता माझ्याच मांडणीवरचा आक्षेप. पंढरपूरला आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या, दही एकत्र कालवून वारकरी एकमेकांच्या तोंडात घालतात. उष्ट्याची भीतीच नाही. मग हाताचा नियम कुठे गेला? दोन गोष्टी लक्षात घ्या. काल्यातल्या लाह्या भाजक्या, म्हणजे मघाच्या मोकळ्या रांगेतल्या. आणि काला वर्षानुवर्षं चालू असताना चोखोबांची समाधी महाद्वारापाशी पायरीशीच होती. अस्पृश्यांना मंदिर खुलं व्हायला 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. काल्याचं मोल मी कमी करत नाही, पण त्या दिवशी विरघळलेली रेघ दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत परत आखलेली असे.

डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये स्पष्ट लिहिलं की सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय. पण ते लिहिण्याआधी, 1927 मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्याचं आंदोलनही त्यांनीच केलं होतं, आणि त्यानंतर सनातन्यांनी ते तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतलं. ज्या रेघेने काहीच होत नाही म्हणावं, तिच्यासाठी एवढी खटपट कुणी करत नाही.

शेवटचं उदाहरण 2017 चं. पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली: गौरी-गणपती आणि श्राद्धाचा स्वयंपाक करायला आलेल्या बाईने आपली जात लपवली, आमचं सोवळं मोडलं. फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला, पुढे तक्रार मागे घेतली गेली. स्वयंपाक बिघडल्याची तक्रार नव्हती. वर्ज्य पदार्थ घातल्याची नव्हती. नैवेद्य दाखवून झाला होता, जेवणं झाली होती, सगळं पचलं होतं.

माझं काम पुण्यापुरतं आणि बरंचसं ब्राह्मण घरांपुरतं आहे, ही त्याची मर्यादा. मराठा, लिंगायत किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हाताचा नियम कुठे बसतो, हे इथल्या अभ्यासकांकडून ऐकायला आवडेल. केटररकडून ‘सोवळ्यात करून मिळेल’ असं लिहून मागवलेल्या नैवेद्याला आता कोण कसं तपासतं, ही माझी पुढची पाहणी आहे. प्रश्न असतील तर घेते.